बाथरूम तोडलं की किती राडारोडा निघतो? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला दोन टेम्पो, निघाले पाच

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मामाने बाथरूम आणि संडास नव्याने करायला काढलं. बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली होती, त्यामुळे काम टाळण्यात अर्थ नव्हता. कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन दिलं, त्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "राडारोडा उचलणे : २ ट्रिप."

प्रत्यक्षात ट्रिपा झाल्या पाच.

मामाने मला फोन केला आणि म्हणाला, "अरे, हा माणूस मला गंडवतोय का बघ. दोन बाय दोनच्या खोल्यांमधून पाच टेम्पो माल निघतो कुठे?"

मी टेप घेऊन गेलो. गोण्या मोजल्या, मापं काढली, कागदावर हिशोब मांडला. निघालं असं की ट्रिपांच्या बाबतीत कॉन्ट्रॅक्टरने मामाला गंडवलं नव्हतं. पाच ट्रिपांचा माल खरोखरच त्या दोन खोल्यांत होता. पण त्यातला बराचसा माल बाहेर काढायची गरजच नव्हती, आणि हे हातोडा मारण्याआधी कळू शकलं असतं.

ते कसं, तेच आज बघू. घरात लवकरच तोडफोड काढणार असाल तर फक्त टेप आणि मोबाईलचं कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

एक आकडा लक्षात ठेवा : पाच किलो

राडारोड्याचा अंदाज काढायला इंजिनिअर लागत नाही. फरशी, सिमेंटचा माल, प्लास्टर या सगळ्यांचं वजन घनमीटरला साधारण दोन टनांच्या आसपास असतं. पण घरात आपण घनमीटरमध्ये विचार करत नाही, चौरस फुटात करतो. म्हणून हाच आकडा फुटात आणि इंचात बदलला की उत्तर असं येतं : एक चौरस फूट जागा, एक इंच जाडी, म्हणजे साधारण पाच किलो.

विटांच्या तुकड्यांच्या भरावाला पाचऐवजी चार धरा, कारण त्यात पोकळी असते.

म्हणजे तुम्हाला फक्त दोन गोष्टी हव्या : किती चौरस फूट तोडणार आणि किती इंच जाडीचं तोडणार. चौरस फूट सगळेच मोजतात, कारण नवीन टाइल्स आणायला तेच लागतं. घोळ होतो तो इंचांमध्ये. नवीन टाइल आठ-दहा मिलिमीटरची असते, त्यामुळे आपल्याला वाटतं की जुनीही तेवढीच निघणार. पण टाइल एकटी कधीच निघत नाही. भिंतीवर तिच्यामागे पाऊण इंच सिमेंटचा माल असतो, तोही सोबत येतो. जमिनीवर तिच्याखाली दीड इंचाचं बेडिंग असतं. जुन्या मोझॅक फरशीची तर स्वतःचीच जाडी पाऊण इंच असते.

म्हणून भिंतीच्या टाइल्सला एक इंच धरा आणि जमिनीच्या फरशीला दोन इंच. जुनी मोझॅक असेल तर तीन.

आता मामाचं बाथरूम घेऊ. पाच फूट बाय सात फूट, म्हणजे जमीन ३५ चौरस फूट. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट, टाइल्स सात फूट उंचीपर्यंत. दाराची जागा वजा केली की भिंतीच्या टाइल्स झाल्या साधारण १५० चौरस फूट.

भिंती : १५० × १ इंच × ५ = ७५० किलो.
जमीन : ३५ × २ इंच × ५ = ३५० किलो.

संडास लहान, साडेतीन बाय चार. भिंतीला टाइल्स चारच फूट उंच, सुमारे ५० चौरस फूट. त्याचे झाले २५० किलो. जमीन १४ चौरस फूट, तिचे १४० किलो.

सगळं मिळून १,४९० किलो. छोटा हत्ती म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या टेम्पोची अधिकृत क्षमता साधारण ७५० किलो. दोन ट्रिपा म्हणजे १,५०० किलो. म्हणजे कोटेशनमधल्या "२ ट्रिप" हवेत लिहिलेल्या नव्हत्या. त्याचा हिशोब टाइल्सपुरता अगदी बरोबर होता.

मग वरच्या तीन ट्रिपा कुठून आल्या? त्या फरशीच्या खालून आल्या.

फरशीखाली एक फूट काय असतं?

जुन्या बिल्डिंग्जमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली सोडलेला असतो. गवंडी त्याला सन्कन म्हणतात. त्या खड्ड्यातून नहाणीचे आणि संडासाचे पाइप फिरवतात, मग खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरतात, वर सिमेंटचा माल ओततात. हा झाला कोबा. त्यावर बेडिंग, त्यावर फरशी.

हा खड्डा किती खोल आहे हे काहीही न तोडता कळू शकतं. तुमच्या बाथरूममध्ये उभे राहा आणि वर बघा. वरच्या मजल्याचं बाथरूम तुमच्या बरोबर डोक्यावर असेल, तर तुमच्या बाथरूमचं छत पॅसेजच्या छतापेक्षा खाली दिसेल. जितकं खाली, साधारण तितकाच वरच्यांचा खड्डा. आणि बिल्डिंगचे मजले एकसारखे असतील तर तुमचाही तितकाच. मामाकडे हा फरक भरला एक फूट. (पीओपीचं छत केलं असेल तर हा उपाय चालणार नाही. अशा वेळी वरच्या किंवा खालच्या शेजाऱ्यांकडे चहाला जायचं आणि टेप खिशात ठेवायची.)

एक फुटातले वरचे दोन इंच फरशी आणि बेडिंगचे, ते आपण आधीच धरले. उरला दहा इंच कोबा.

बाथरूम : ३५ × १० इंच × ४ = १,४०० किलो.
संडास : १४ × १० इंच × ४ = ५६० किलो.

म्हणजे फक्त कोबा झाला १,९६० किलो, सगळ्या टाइल्स आणि बेडिंगपेक्षा जास्त. एकूण बेरीज ३,४५० किलो, भागिले ७५०, उत्तर ४.६. म्हणजेच पाच ट्रिपा.

मी मामाला हिशोब दाखवला तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी साडेतीन टन घेऊन राहत होतो तिथे?" हो. आणि वरचे-खालचे सगळेच राहतायत.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. कोबा ओला असेल तर वजन याहून जास्त भरतं. वीट पाणी पिते, चांगली वीटही स्वतःच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज धरते. त्यामुळे गळती असलेल्या बाथरूमचा अंदाज काढताना कोब्याच्या आकड्यात दहा-पंधरा टक्के वाढवून ठेवा. मामाकडे गोण्या भरल्या १२१. तीस किलोच्या गोणीच्या हिशोबाने माझा अंदाज होता ११५.

"टेम्पो अर्धाच भरलाय की!"

अनेकांचं भांडण इथे होतं. टेम्पो हौद्याच्या काठापर्यंत भरत नाही आणि ड्रायव्हर म्हणतो, बस झालं. आपल्याला वाटतं, हा ट्रिपा वाढवतोय.

राडारोडा फुटला की फुगतो. भिंतीत घट्ट बसलेला एक घनफूट माल तोडल्यावर दीड घनफुटाच्या आसपास जागा घेतो, कारण तुकड्यांमध्ये हवा शिरते. तरीही हा सैल ढीग घनफुटाला ३५ किलोच्या आसपास भरतो. छोट्या हत्तीच्या हौद्यात काठापर्यंत साधारण ३५ घनफूट माल मावतो. गुणाकार केला तर सव्वा टनाच्या जवळ जातो, आणि गाडीची क्षमता आहे पाऊण टन. म्हणजे राडारोड्यात गाडीची जागा संपायच्या आधी गाडीची ताकद संपते. काठापर्यंत भरून नेणारा ड्रायव्हर तुमच्यावर उपकार करत नसतो, तो ओव्हरलोड गाडी चालवत असतो.

मोठं काम असेल तर हिशोब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कॉन्ट्रॅक्टर ब्रासचा रेट सांगत असेल तर एकच प्रश्न विचारा : भिंतीत असतानाचा ब्रास की तोडल्यानंतरचा? दोन्हीत दीडपट फरक आहे.

हेच वजन घरात साठवताना जास्त त्रासदायक ठरतं. पहिले दोन दिवस टेम्पो आला नाही म्हणून मामाकडे गोण्या बेडरूममध्ये रचल्या होत्या, एकावर एक, कमरेपर्यंत. घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, फर्निचर वगैरेंसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरलेला असतो. राडारोड्याचा कमरेइतका ढीग चौरस मीटरला टनापेक्षा जास्त वजन टाकतो. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण तीस वर्षं जुन्या आणि ओल धरलेल्या बिल्डिंगमध्ये हा प्रयोग करून बघू नये. गोण्या एका थरात, भिंतीलगत पसरून ठेवायच्या आणि रोजच्या रोज खाली न्यायच्या. गॅलरीत तर अजिबात नको. लिफ्टमध्येही आत लिहिलेले किलो वाचून तेवढ्याच गोण्या आणि माणसं.

तोडायचं की नाही, हे आधी ठरवायला हवं होतं

आता मुद्द्याच्या गोष्टीवर येऊ. मामाचं बाथरूम उघडलं तेव्हा नहाणीच्या बाजूचा कोबा चिंब ओला होता. जुन्या ट्रॅपचा सांधा सुटला होता. म्हणजे तिथला कोबा काढणं बरोबरच होतं. पण शेजारच्या संडासाचा कोबा ठणठणीत कोरडा निघाला. विटांचे तुकडे हातात घेतले तर धूळ उडत होती. "आता उघडतोच आहोत तर तोही करून टाकू," या एका वाक्यामुळे ५६० किलो माल विनाकारण बाहेर आला. तो नेण्याचे पैसे गेले आणि खड्डा पुन्हा भरण्याचे पैसे वेगळे.

राडारोडा कमी करायचा सगळ्यात मोठा उपाय म्हणून हाच : कोबा उघडायचा की नाही, हे तोडफोडीच्या आधी तपासून ठरवायचं.

खालच्या घरात ओल दिसते आहे. पाणी येऊ शकतं तीन जागांहून. भिंतीतल्या नळाच्या लाइनमधून, फरशीच्या सांध्यांमधून किंवा नहाणीच्या ट्रॅपमधून आणि पाइपमधून. तिन्हींवरचा इलाज वेगळा आणि राडारोडाही वेगळा.

पहिल्यांदा बाथरूमचा वापर पूर्ण थांबवा, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. वापर नसतानाही खाली पाणी येतच राहिलं, तर संशय नळाच्या लाइनवर. मग व्हॉल्व्ह बंद करून बघा. पाणी हळूहळू थांबलं तर तुम्हाला भिंतीत पाइपपुरती खाच मारायची आहे, जमीन उघडायची नाही. राडारोडा तीन-चार गोण्यांचा.

वापर थांबवल्यावर ओल सुकत असेल, तर पुढची चाचणी. नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने आणि प्लास्टिकने घट्ट बंद करा. दाराशी सिमेंटचा किंवा मातीचा छोटा बांध घाला. फरशीवर इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि चोवीस तास सोडा. खाली ओल आली तर सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. खाली काहीच नाही, पण बोळा काढून ट्रॅपमध्ये चार बादल्या ओतल्यावर ओल आली, तर ट्रॅप किंवा पाइप. दोन शेजारच्या खोल्यांपैकी नेमकी कोणती गळते हे कळत नसेल, तर एकीच्या पाण्यात खायचा रंग टाका. तो खाली उतरला तर उत्तर मिळालं. नाही उतरला म्हणून मात्र ती खोली निर्दोष ठरत नाही, कारण विटा रंग गाळून ठेवू शकतात.

या सगळ्यात लोक एका ठिकाणी हमखास फसतात. कोबा स्पंजसारखा असतो. गळती थांबली तरी त्यात साठलेलं पाणी पुढे कित्येक दिवस खाली झिरपत राहतं. सोमवारी व्हॉल्व्ह बंद केला, मंगळवारी खाली अजून थेंब पडतायत, म्हणून "लाइनचा प्रॉब्लेम नाही" असं ठरवलं तर निष्कर्ष चुकतो. दोन चाचण्यांमध्ये आठवडाभराचं अंतर ठेवा आणि खालच्या छतावरच्या डागाचा रोज एकाच जागेवरून फोटो काढा. डाग वाढतोय की आकसतोय, हे डोळ्यांपेक्षा फोटोत नीट कळतं.

एवढं करूनही शंका राहिली, तर सगळी फरशी न फोडता ट्रॅपच्या शेजारी एक फूट बाय एक फुटाचा खड्डा स्लॅबपर्यंत घ्या. एक चौरस फूट, बारा इंच, म्हणजे पन्नास किलो. दोन गोण्या. मामाने संडासात या दोन गोण्या काढल्या असत्या, तर पुढच्या अठराच्या आसपास गोण्या वाचल्या असत्या. शिवाय खड्ड्याच्या कडेला फरशी, बेडिंग आणि कोबा यांचे थर सरळ दिसतात, त्यामुळे इंचांचा अंदाजही पक्का होतो. खड्डा घेणाऱ्याला खाली पाइप असू शकतो हे मात्र सांगून ठेवा. शेवटचे चार इंच हाताने, छिन्नीनेच.

आणि कोबा ओला निघाला तर? मग कंजुषी नको. तिथे राडारोडा वाचवायला गेलात तर ओल स्लॅबच्या सळयांपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि खालच्यांच्या छताचे पापुद्रे पडायला लागतात. त्या दुरुस्तीचा राडारोडा वेगळाच.

कोबा कोरडा आहे. मग टाइल्सवर टाइल्स?

कोबा कोरडा असेल तर पुढचा प्रश्न येतो : जुन्या टाइल्स तरी काढायलाच हव्यात का? टाइलवर टाइल बसवणारा चिकट माल आता सगळीकडे मिळतो. मामाच्या संडासात हे केलं असतं तर २५० आणि १४० किलोही वाचले असते. म्हणजे त्या खोलीतून कमोड आणि नळ सोडून काहीच निघालं नसतं.

त्यासाठी जुनी टाइल भिंतीला घट्ट धरून असायला हवी. नाणं किंवा हातोडीचा लाकडी दांडा घेऊन प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत वाजवा. घट्ट टाइलचा आवाज टणक येतो, सुटलेलीचा पोकळ. पोकळ आवाजाच्या टाइल्सवर खडूने फुली मारत चला. फुल्या इकडेतिकडे आठ-दहा असतील तर तेवढ्याच काढून जागा भरून घ्यायची. अर्ध्या भिंतीवर फुल्या असतील तर ती भिंत उतरवा, त्यावर नवीन वजन टांगू नका.

जमिनीवर मात्र दोन गोष्टी बघाव्या लागतात. फरशी अर्धा इंच ते पाऊण इंच वर येते, त्यामुळे दार खालून घासेल का? आणि बाथरूमची पातळी बाहेरच्या पॅसेजपेक्षा खालीच राहील का? ती बरोबरीला आली, तर पाणी घरात येणार. उंबरा किती उंच आहे यावर हा निर्णय होतो.

नवीन टाइल्स कापतानाही राडारोडा होतो, थोडा पण महाग. इथे गंमत सांगतो. दुकानात ज्याला १२ बाय १८ म्हणतात, ती टाइल असते ३०० बाय ४५० मिलिमीटर. इंचात हिशोब केला तर मामाच्या भिंती छान बसतात : सात फुटांच्या भिंतीवर चार टाइल्सनंतर १२ इंचांचा तुकडा लागतो, उरतो ६ इंचांचा, आणि पाच फुटांच्या भिंतीला नेमका ६ इंचांचाच तुकडा हवा असतो. वाया काहीच नाही! प्रत्यक्षात मिलिमीटरमध्ये मोजलं की उरतो साधारण १२५ चा तुकडा आणि हवा असतो १७० च्या आसपास. म्हणजे प्रत्येक ओळीला एक नवी टाइल कापली जाणार. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी भिंत मिलिमीटरमध्ये मोजा आणि एका ओळीचं चित्र कागदावर काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

निघालेला माल एकत्र करू नका

जे निघणारच आहे, ते वेगळं ठेवलं तर त्यातलं बरंच राडारोडा राहत नाही. नळ, पितळी फिटिंग्ज, लोखंडी पाइप, अॅल्युमिनियमची खिडकी हे भंगारवाला वजनावर घेऊन जातो, त्याला वर पैसे द्यावे लागत नाहीत. लाकडी चौकट धड निघाली तर जुन्या सामानाच्या दुकानात जाते. कोरड्या, स्वच्छ विटांचे तुकडे दुसऱ्या खड्ड्यात परत भरता येतात. मामाकडे संडासाचे कोरडे तुकडे बाथरूमच्या खड्ड्यात वापरता आले असते, पण तोवर सगळं फरशीच्या तुकड्यांत मिसळून गोण्यांत गेलं होतं. सांडपाण्यात भिजलेले तुकडे मात्र परत वापरायचे नाहीत. खड्डा नव्याने भरायचाच असेल, तर सिपोरेक्सच्या तुकड्यांचं वजन विटांच्या निम्म्याहूनही कमी असतं. पुढच्या वेळी तोडणाऱ्याला आणि स्लॅबला, दोघांनाही सोपं.

पीओपी आणि जिप्समचे तुकडे तर वेगळ्याच गोणीत. त्यामागे कारण आहे. राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्लांट विटा, काँक्रीट दळून त्यापासून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक बनवतात. जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी क्रिया करतं आणि बनवलेला ब्लॉक नंतर फुगतो, तडकतो. एका खोलीच्या पीओपीने अख्खी गाडी खराब होऊ शकते. छतावर किंवा आडोशाला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडूच नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. असे पत्रे अखंड उतरवून, ओले करून वेगळे ठेवतात.

बाकीचं कुठे जातं? पुण्यात वाघोलीला महापालिकेचा राडारोडा प्रकल्प आहे. मुंबईसाठी दहिसरच्या कोकणीपाड्याला आणि शिळफाट्याजवळ डायघरला प्रकल्प आहेत, आणि महापालिकेची "डेब्रिज ऑन कॉल" नावाची सेवा छोट्या कामांसाठीच आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसला विचारायचं.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या नियमांनुसार ज्याच्या घरातून राडारोडा निघतो, जबाबदारी त्याची. रस्त्यावर, गटारात, नाल्यात टाकायचा नाही, ठरलेल्या जागी पोचवायचा आणि त्याचं शुल्क भरायचं. २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांच्या वर गेलात तर पालिकेकडे योजना मंजूर करून घ्यावी लागायची. मामाचे साडेतीन टन त्यात येत नव्हते, पण जबाबदारी येतेच. कॉन्ट्रॅक्टर "साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आमची जागा आहे" म्हणतो, तेव्हा ती जागा बऱ्याचदा नदीकाठ किंवा कुणाचा तरी रिकामा प्लॉट असतो. म्हणून कोटेशनमध्येच लिहून घ्या की प्रत्येक ट्रिपची प्रकल्पावरची पावती मिळाल्यावरच त्या ट्रिपचे पैसे. पावतीवर वजनही असेल तर तुमचा हिशोब तिथेच तपासून होतो.

मामाला पाचपैकी तीनच पावत्या मिळाल्या. उरलेल्या दोन ट्रिपा कुठे रिकाम्या झाल्या, हे त्याने तीनदा विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली. त्या दोन ट्रिपांचे पैसे त्याने दिले नाहीत.

आता त्याला किचनचा ओटा बदलायचाय. आठ फूट बाय दोन फूट, वर ग्रॅनाइट, खाली कडप्पा, चार उभे कडप्पे. दगड फरशीपेक्षा जड, म्हणून त्याला इंचाला साडेसहा किलो धरायचे. त्याने स्वतःच बसून बेरीज केली : पावणेचारशे किलो. मग मला फोन करून म्हणाला, "उभे कडप्पे अखंड निघाले तर त्यांचीच मांडणी करतो गॅलरीत. मग निघतो किती? अडीचशे. एक टेम्पो, तोही अर्धा." नव्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये त्याने पेनाने एक रकाना वाढवलाय. त्याचं नाव आहे "जाडी, इंचात".